कुटामधला सगळ्यात चांगला भाव

बालीच्या कुटा भागात, लेगियन रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या पॉपीज नावाच्या दोन अरुंद गल्ल्यांत, सरोंग आणि लाकडी मुखवटे विकणाऱ्या दुकानांच्या दारात भावाचे फलक उभे असतात. फलकावर झेंड्यांची चित्रं, पुढे आकडे आणि खाली ‘नो कमिशन’. आत गेलं की टी-शर्टच्या मागे, कोपऱ्यात एक छोटं टेबल आणि त्यामागे एक हसतमुख माणूस. आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली बालीला जातात आणि जाताना डॉलर घेऊन जातात, कारण भारतीय रुपयाला तिथे धड भाव येत नाही. त्यामुळे या टेबलाशी कधी ना कधी गाठ पडतेच. पुढच्या गोष्टीतली माणसं कल्पित आहेत आणि भाव गोष्टीपुरते धरले आहेत. टेबलावरची पद्धत मात्र खरी आहे.

सांगलीचा एक तरुण, त्याचा भाऊ आणि वहिनी असे तिघं कुटात उतरलेले. त्या दिवशी मोबाईलवर डॉलरचा बाजारभाव १६,२०० रुपिया दिसत होता. मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या, काचेच्या काउंटरच्या दुकानात १६,०८० लिहिलं होतं. गल्लीत वळल्यावर त्याला फलक दिसला: १६.४५०. इंडोनेशियात हजारांनंतर स्वल्पविराम नाही, टिंब देतात, म्हणून क्षणभर त्याला ते सोळा रुपये पंचेचाळीस पैशांसारखं वाटलं. मग लक्षात आलं की डॉलरमागे मोठ्या दुकानापेक्षा ३७० रुपिया जास्त मिळताहेत. तीनशे डॉलर बदलायचे होते, म्हणजे लाखभर रुपियांचा फायदा. तो आत शिरला.

टेबलामागच्या माणसाने गणकयंत्रावर हिशेब करून दाखवला: ४९,३५,०००. आकडा बरोबर होता. मग त्याने नोटा काढल्या, त्या सगळ्या पन्नास हजारांच्या, निळ्या. एक लाखाची लालसर नोट इंडोनेशियात सर्रास मिळते, पण त्याच्याकडे ‘संपली’ होती. वीस-वीस नोटांच्या, म्हणजे दहा-दहा लाखांच्या चार थप्प्या त्याने टेबलावर पसरल्या आणि पाचवी अठरा नोटांची. शेजारी उभा असलेला दुसरा माणूस विचारत होता, ‘इंडिया? शाहरुख खान!’ आमचा तरुण हसला, दोन शब्द बोलला आणि तरीही नीट मोजत राहिला. ९८ नोटा भरल्या, ४९ लाख. वरचे पस्तीस हजार नव्हते.

‘थर्टी-फाइव्ह थाउजंड लेस,’ तो म्हणाला.

‘ओ, सॉरी सॉरी!’ माणसाने कपाळावर हात मारला, पाचही थप्प्या एकत्र केल्या आणि टेबलावर ठोकून कडा जुळवल्या. मग वर एक वीस हजारांची, एक दहाची आणि एक पाचाची नोट ठेवून ते पुडकं दुमडून त्याच्या हातात दिलं. चूक आपण पकडली या समाधानात तरुण बाहेर पडला.

संध्याकाळी हॉटेलवर वहिनींनी ते पुडकं मोजलं. त्यांची सगळी नोकरी एका पतसंस्थेच्या रोखपाल खिडकीत गेलेली. अंगठा भराभर चालला आणि थांबला.

‘भाऊजी, पन्नासच्या अठ्ठ्याऐंशीच आहेत.’

‘वहिनी, मी स्वतः मोजल्या. अठ्ठ्याण्णव होत्या.’

‘मोजल्यात, ते खरं. पण मोजून झाल्यावर त्याने परत हातात घेतल्या का?’

दहा नोटा, पाच लाख रुपिया. बालीच्या विमानतळावर उतरताना एका माणसाच्या व्हिसाला जेवढी फी भरली, बरोबर तेवढी रक्कम.

ही हातचलाखी कशी होते ते समजलं की ती पकडता येते. टेबलाच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला न दिसणारा एक खण असतो किंवा नुसती मांडी असते. पुडकं आपल्याकडे ओढून कडा जुळवताना अंगठा वर राहतो आणि खालची बोटं तळातल्या आठ-दहा नोटा आत सरकवतात. त्याच वेळी दुसरा हात वरच्या सुट्या नोटा ठेवत असतो आणि आपली नजर तिथेच असते, कारण आपण त्याच नोटांची तक्रार केलेली असते. पस्तीस हजार कमी ठेवणं ही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हतीच. आपण चूक पकडावी आणि पुडकं परत त्याच्या हातात द्यावं, यासाठी ती जागा मुद्दाम सोडलेली होती. म्हणून नीट मोजणारा माणूसही इथे फसतो, उलट तोच जास्त फसतो. न मोजणाऱ्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल!

लहान नोटा देण्यामागेही हेच कारण असतं. एक लाखाच्या नोटा दिल्या असत्या तर ४९ नोटांत काम झालं असतं आणि दहा नोटा गेलेल्या हाताला लगेच कळल्या असत्या. पन्नासच्या शंभरेक नोटांत दहा कमी झाल्या तर जाडीत फारसा फरक वाटत नाही. काही ठिकाणी तर हिरव्या वीस हजारांच्या नोटा पुढे करतात. तेव्हा मोजणी अडीचशे नोटांच्या आसपास जाते आणि शून्यांच्या रांगेत कोणाचंही डोकं गरगरतं.

पण वहिनींचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते हात बघण्याची वेळच यायला नको होती, फलकावरच सगळं लिहिलेलं होतं. त्यांनी हॉटेलच्या पाण्याच्या बिलामागे हिशेब मांडला. बाजारभाव १६,२००. चलन विकत घेणारा माणूस याहून थोडं कमी देतो, कारण मधला फरक हीच त्याची कमाई. काचेचं दुकान १६,०८० देत होतं, म्हणजे शेकडा पाऊण टक्का कमी. जिथे दुकानं खूप आणि चुरस मोठी, तिथे डॉलरवर एवढाच फरक राहतो. गल्लीतला माणूस मात्र १६,४५० देत होता, बाजारभावाहून दीड टक्का जास्त. म्हणजे तीनशे डॉलरला तो स्वतःच्या खिशातून पाऊण लाख रुपिया घालणार होता आणि वर म्हणणार होता की कमिशनही घेत नाही.

‘एवढ्या भावाने डॉलर घेऊन तो पुढे विकणार कुणाला? जागेचं भाडं कशातून देणार?’ वहिनी म्हणाल्या. ‘त्याची कमाई भावात दिसत नाही ना, मग ती मोजणीत आहे.’

हातात आलेले पैसे ४४,३५,०००. भागिले तीनशे केलं तर प्रत्यक्षात मिळालेला भाव निघतो १४,७८३. काचेच्या दुकानात ४८,२४,००० मिळाले असते. लाखभर जास्त मिळवायला गेलेला तरुण जवळजवळ चार लाख घालवून आला होता. आपल्या पैशांत ते दोन हजारांच्या आसपास. फार मोठी रक्कम नाही, आणि या धंद्याचं गणित त्यावरच टिकून आहे. परतीचं विमान परवा असलेला माणूस दोन हजारांसाठी पोलीस ठाण्यात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी दिरासोबत मुद्दाम गल्लीत गेल्या, दुसऱ्या एका टेबलाशी. पाऊस नव्हता आणि करमणूक फुकट होती, असं त्यांचं कारण. शंभर डॉलरची नोट त्यांनी टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढला नाही. पुन्हा पन्नासच्या नोटा आल्या, पुन्हा वरचे सुटे कमी. माणूस पुडकं घ्यायला पुढे झुकला तेव्हा वहिनींनी नोटा स्वतःकडे ओढल्या. ‘नो. यू गिव्ह ओन्ली बॅलन्स. आय कीप धिस.’ माणसाने हसून पुन्हा हात पुढे केला, वहिनींनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा हसू गेलं. मग अचानक आठवण झाली की हा भाव फक्त पाचशे डॉलरच्या वर आहे, शंभराला आठ टक्के कमिशन. शेवटी त्याने आपल्या नोटा मागितल्या आणि व्यवहार मोडला. वहिनींनी त्या परत केल्या. जाण्याआधी आपली शंभराची नोट हाताखालून काढून नीट पाहिली, तीच होती. व्यवहार मोडतानाही डॉलर आपल्या नजरेआड गेलेले असले तर एखादी नोट कमी किंवा बदललेली परत येऊ शकते.

शेवटचा हात गिऱ्हाइकाचा राहणार असं दिसलं की हे टेबल धंदाच करत नाही. प्रामाणिक दुकानदाराला शेवटी कोण मोजतो याने काही फरक पडत नाही. एकदा मोजलेल्या नोटांना समोरच्याचा हात लागला की मोजणी शून्यावर आली असं धरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, कितीही ओशाळल्यासारखं वाटलं तरी. माझ्या मते या सगळ्यात अवघड भाग हाच. आपल्याला आकडेमोड जमते, पण हसून बोलणाऱ्या माणसासमोर दुसऱ्यांदा मोजायला संकोच वाटतो.

तिथून दोघं काचेच्या दुकानात गेले. अशा परवानाधारक दुकानांना इंडोनेशियाच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे बँक इंडोनेशियाचा परवाना असतो आणि तिचं चिन्ह दर्शनी भागात लावलेलं असतं. नुसतं ‘ऑथोराइज्ड’ असं इंग्रजीत रंगवलेलं असलं तर त्याला काही अर्थ नाही, ते कोणीही रंगवतं, आणि नावाजलेल्या दुकानांशी मिळतीजुळती नावंही लोक लावतात. विनापरवाना टेबलं अधिकारी अधूनमधून बंद करतात, मग ती थोड्या दिवसांनी दुसऱ्या दारात उघडतात. काचेच्या दुकानात पासपोर्ट मागितला, नोटा यंत्रातून मोजल्या आणि छापील पावती दिली. शंभर डॉलरचे १६,०८,००० झाले: लाखाच्या सोळा नोटा आणि वर पाच, दोन आणि एक हजाराची एकेक. वहिनींनी त्या खिडकीवरच मोजल्या. खिडकीतल्या मुलीने तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं नाही.

त्यांच्याकडची एक जुनी, कडा मळलेली पन्नास डॉलरची नोट मात्र तिने घेतली नाही. इंडोनेशियात डॉलरच्या नोटेला घडी, शाईचा ठिपका किंवा फाटलेला कोपरा असला तर भाव कमी मिळतो किंवा नोटच नाकारतात, आणि लहान नोटांना शंभराच्या नोटेपेक्षा कमी भाव देतात. ही फसवणूक नाही, तिथली रीत आहे, आणि तो कमी भाव फलकावर वेगळा लिहिलेला असतो. निघताना भारतातच करकरीत, नव्या छपाईच्या शंभराच्या नोटा मागून घेतल्या तर हा प्रश्न येत नाही.

नंतर भावाने एटीएममधून पैसे काढले, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: रक्कम रुपियात वळती करायची की भारतीय रुपयांत? भारतीय रुपयांचा आकडा समोर दिसत होता, त्यामुळे तोच पर्याय सरळ वाटत होता. वहिनींनी त्या आकड्याला रुपियाच्या रकमेने भागून पाहिलं. बाजारभावापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरक निघाला. तो पर्याय निवडला की भाव एटीएमवाला ठरवतो, रुपिया निवडला तर आपली बँक आणि कार्ड कंपनी ठरवते, आणि बहुतेक वेळा दुसरं स्वस्त पडतं. भावाने रुपियाचं बटण दाबलं.