सगळं पाळीवर ढकलण्याआधी

सांगलीजवळच्या एका गावातल्या शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या बायका डॉक्टरांच्या दवाखान्यात रोज येतात. वय ४८. गेलं वर्ष-दीड वर्ष पाळी अनियमित झालेली. कधी दोन महिने पत्ता नाही, तर कधी आठ-आठ दिवस अंगावरून जातंय. भांग रुंद दिसू लागलाय, वेणी निम्म्यावर आलीय. पायांची कातडी इतकी कोरडी की नख ओढलं तर पांढरी रेघ उमटते. वजन दीड वर्षात ६१ किलोवरून ६८ वर गेलंय. जाऊबाईंचं निदान तयार आहे, ‘पाळी जायला आली की असंच होतं गं, मलाही झालं होतं.’

जाऊबाईंचं म्हणणं चूक नाही, पण अपुरं आहे. केस, त्वचा आणि वजन या तिन्ही तक्रारी पाळी जाण्याच्या काळात येतात, तशाच त्या थायरॉइड मंदावल्यावरही येतात, आणि दोन्ही गोष्टी साधारण एकाच वयात गाठ घालतात. त्यामुळे हार्मोन्सच्या नावावर नेमकं किती मांडायचं आणि कुठे थांबायचं, हे आधी पाहायला हवं.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात हे वय सरासरी ४६ ते ४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीची काही वर्षं बीजकोशांचं काम अडखळत चालतं. इस्ट्रोजेन कधी खूप वाढतं, कधी एकदम उतरतं आणि शेवटी कायमचं खाली येतं. त्याचा सर्वांत सरळ हिशेब लागतो तो त्वचेचा. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन इस्ट्रोजेनच्या आधारावर टिकून असतं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्यातलं सुमारे ३० टक्के कमी होऊ शकतं. तेलग्रंथीही मंदावतात, त्वचेतलं पाणी धरून ठेवणारा थर विरळ होतो. म्हणून हा कोरडेपणा हळूहळू येतो आणि तो कोमट पाण्याची आंघोळ, कमी साबण आणि अंग ओलसर असतानाच चोळलेलं मॉइश्चरायझर यांना दाद देतो. दाद न देणारा, पायांवर खवले उठवणारा कोरडेपणा, सोबत पिवळसर फिकट वर्ण आणि सकाळी सुजलेल्या पापण्या असतील, तर मामला वेगळा असण्याची शक्यता बरीच वाढते.

केसांची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं हा रोजचा व्यवहार आहे. इस्ट्रोजेन उतरलं की वाढीचा काळ आखूड होतो, आणि ज्यांच्यात आनुवंशिक कल असतो त्यांच्या टाळूवरचा केस दर फेरीत थोडा बारीक आणि थोडा आखूड उगवतो. याचं चित्र ठरलेलं असतं: कपाळावरची रेषा जागच्या जागी, पण मधला भांग मात्र रुंदावत जाणारा. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ मध्ये या विरळपणाच्या पायऱ्या मांडल्या आणि डॉक्टर अजूनही त्यांच्याच पायऱ्या वापरतात.

आता ज्या गळतीत उशीवर, फणीत आणि मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके दिसतात, ती मुख्यतः पाळीची गळती नसते. शरीराला धक्का बसला की असंख्य केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डेंगी, मोठी शस्त्रक्रिया, अचानक केलेला कडक आहारनिर्बंध ही त्याची नेहमीची कारणं. म्हणून ‘केस कधीपासून गळतात?’ या प्रश्नानंतर ‘त्याच्या तीन महिने आधी काय झालं होतं?’ हाही प्रश्न विचारावा लागतो. कपाळावरची रेषाच मागे सरकत असेल आणि भुवयाही विरळ होत असतील, तर आणखी एक निराळा आजार संभवतो. त्यात केसांची मुळं जळून व्रण उरतात. ऑस्ट्रेलियातल्या कोसार्ड यांनी १९९४ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला, तोही पाळी थांबलेल्या सहा स्त्रियांमध्ये. गेलेले केस त्यात परत येत नाहीत, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जाणं महत्त्वाचं असतं.

वजनाबाबत गैरसमज सर्वांत जास्त आहेत. या काळातल्या स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी करणारा ‘स्वान’ नावाचा अभ्यास अमेरिकेत १९९६ पासून चालू आहे. त्यात दिसलं, की पाळी थांबण्याच्या काळात चरबी वाढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि स्नायू घटू लागतात. पण काट्यावरचा आकडा मात्र त्या आधीच्याच संथ गतीने, वर्षाला सुमारे अर्धा-पाऊण किलोने चढत राहतो, आणि ती गती मुख्यतः वयाची असते. म्हणजे इस्ट्रोजेनचा हात चरबी कुठे साठते यात मोठा आहे: मांड्या आणि नितंबांवरून ती पोटाकडे सरकते. साडीच्या निऱ्यांना अंगाभोवती एक वळसा कमी पडतो, तो यामुळे. पण दीड वर्षात सात किलो वाढलं, तर पाळीच्या खात्यावर त्यातला थोडाच वाटा टाकता येतो.

आपल्या शिक्षिकेकडे परत येऊ. डॉक्टर तिला आणखी विचारतात: पोट साफ होतं का? नाही, पूर्वीपेक्षा कमी होतं. एप्रिलमध्येही पंखा नको वाटतो का? हो, अंगावर चादर लागते. आवाज बसल्यासारखा वाटतो का? वर्गात मुलं ‘बाई, मोठ्यानं बोला’ म्हणतात. पाळी जाण्याच्या काळात बाईला बहुधा अंगातून गरम वाफा येतात आणि घाम फुटतो. इथे उलट थंडी वाजते आहे. बद्धकोष्ठ, थंडी आणि जडसर आवाज या तिन्ही खुणा थायरॉइडकडे बोट दाखवतात.

असं का होतं, ते समजायला अवघड नाही. थायरॉइड हार्मोन शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की केसांची वाढ थांबते, घाम आणि तेल आटतं, आतडी रेंगाळतात. मेंदूखालची ग्रंथी मग थायरॉइडला जोरात हाक मारते. त्या हाकेचं नाव टीएसएच, म्हणून थायरॉइड मंदावला की टीएसएच वाढलेला दिसतो. हा विकार दुर्मीळ मुळीच नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ भारतीय शहरांत झालेल्या मोठ्या पाहणीत दर शंभर प्रौढांमागे जवळपास अकरा जणांना थायरॉइड कमी असल्याचं आढळलं. त्यात मुंबई आणि गोवा होते. सर्वांत जास्त प्रमाण ४६ ते ५४ या वयोगटात होतं, आणि काही जणांना आपल्याला हा विकार आहे हे ठाऊकच नव्हतं.

पण शिक्षिकेने तपासणी आधीच केली होती. सहा महिन्यांपूर्वीचा कागद ती पर्समधून काढते. टीएसएच ३.६, म्हणजे ठीक. ‘थायरॉइड नाहीये डॉक्टर, बघितलंय.’

इथे एक खाच आहे, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. केस गळू लागले म्हणून ती औषधाच्या दुकानातून आणलेली बायोटिनची गोळी रोज घेत होती, १० मिलिग्रॅमची. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम मानतात; म्हणजे गोळीत गरजेच्या तीनशेपटीहून जास्त बायोटिन. अनेक प्रयोगशाळांतली यंत्रं रक्तातलं हार्मोन मोजताना बायोटिनचाच चिकटपट्टीसारखा वापर करतात. रक्तात आधीच बायोटिन भरपूर असेल, तर ते त्या जागा अडवतं आणि टीएसएच खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. सगळीच यंत्रं अशी नसतात, पण आपल्या प्रयोगशाळेत कुठलं आहे, हे रुग्णाला कळणार कसं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. थायरॉइडची तपासणी करण्याआधी केसांच्या गोळ्या किमान दोन दिवस बंद ठेवाव्यात, डोस मोठा असेल तर आणखी जास्त, आणि रक्त देताना त्या घेत होतो हे सांगावं.

डॉक्टर गोळी आठवडाभर बंद करायला सांगतात आणि पुन्हा रक्त तपासतात. या वेळी टीएसएच १४, आणि टी फोर हे थायरॉइडचं हार्मोन कमी. सोबत आणखी एक तपासणी केली होती, फेरिटिनची. हिमोग्लोबिन १२.१ होतं, त्यामुळे ‘रक्त ठीक आहे’ असं सगळे म्हणाले असते. फेरिटिन मात्र ९. हे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप आहे. कोठार रिकामं झालं तरी हिमोग्लोबिन काही काळ तग धरतं, आणि त्या काळात केस गळू शकतात. आठ-आठ दिवसांच्या रक्तस्रावाने हे कोठार रिकामं झालं होतं. मंद थायरॉइडमुळेही पाळी जास्त जाते, म्हणजे हा दोष त्यात भर घालणारा. जास्त रक्तस्रावामागे गर्भाशयातली गाठ आहे का, यासाठी सोनोग्राफी झाली, गाठ नव्हती. पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा थेंबभरही रक्त दिसलं, तर मात्र लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला हवं.

उपचार साधे आहेत, पण त्यांची वेळ पाळावी लागते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर दोन्ही पोटात एकमेकींना चिकटतात आणि थायरॉइडची गोळी शोषली जात नाही. आणखी एक सावधगिरी: टीएसएच थोडासाच, म्हणजे ५ ते १० च्या दरम्यान वाढलेला असेल आणि टी फोर ठीक असेल, तर बहुतेकदा औषध लगेच सुरू न करता दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. नुसत्या आकड्यावर जन्मभराची गोळी लादायची नसते.

सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासला. सहा महिन्यांत शिक्षिकेचं पोट साफ होऊ लागलं, डोळ्यांखालची सूज उतरली, पायांचे खवले गेले. मुलांना तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतो. वजन चार किलोने उतरलं, कारण मंद थायरॉइडने वाढवलेल्या वजनात मीठ आणि पाणी मोठ्या प्रमाणात असतं आणि ते थायरॉइड सुधारताना निघून जातं. ही भर सहसा दोन ते पाच किलोच असते, त्यामुळे उरलेले तीन किलो कोणत्याही गोळीने गेले नाहीत. त्यासाठी आता ती शाळेच्या मैदानाला रोज फेऱ्या मारते आणि आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम करते. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आणायचा, हे तिचं लक्ष्य आहे. फणीत येणारे पुंजके थांबले, टाळूवर नवे बारीक केस उगवले. भांग मात्र पूर्वीइतका अरुंद झाला नाही. तेवढा वाटा खरंच पाळीचा होता. त्यासाठी मिनॉक्सिडिल लावावं का, हे डॉक्टरांशी बोलून तिने अजून ठरवलेलं नाही. लावलं तर चार ते सहा महिने वाट पाहावी लागेल आणि पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढेल, एवढं तिला सांगितलंय.