कोण आधी, कोण नंतर?

अ, ब, क हे तीन संगणक. अ ने ब ला निरोप पाठवला. त्याच सुमारास क ने स्वतःपुरत्या तीन नोंदी केल्या. ब ला निरोप मिळाला, त्या घटनेचा क च्या तिसऱ्या नोंदीशी काही संबंध आहे का?

लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७८च्या पद्धतीत प्रत्येक संगणक घटनेगणिक आपला आकडा एकाने वाढवतो. निरोप आला की स्वतःच्या आणि निरोपातल्या आकड्यांपैकी मोठ्यात एक मिळवतो. म्हणून निरोप पाठवताना अ कडे १, तो मिळताच ब कडे २. क च्या तिसऱ्या नोंदीला ३. दोन तीनच्या आधी, असं वाटतं, पण ब आणि क यांच्यात निरोपच गेलेला नाही!

व्हेक्टर घड्याळ प्रत्येकाचा आकडा वेगळा जपतं. निरोपासोबत सगळी यादी जाते. घेणारा जागोजागी मोठा आकडा ठेवून स्वतःचा एकाने वाढवतो. अ कडे [१,०,०], ब कडे [१,१,०], क कडे [०,०,३]. पहिल्या यादीतला एकही आकडा दुसरीपेक्षा मोठा नाही, म्हणून अ ची घटना आधीची. ब आणि क च्या याद्यांत मात्र कुठे हा मोठा, कुठे तो: घटना समवर्ती.

ॲमेझॉनच्या डायनॅमोने अशा वेळी खरेदीच्या टोपलीच्या दोन्ही आवृत्त्या जपल्या, पुढे त्या एकत्र केल्या. किंमत एवढीच, की संगणक वाढले की यादीही लांबते.