कानामागची सूज

दिवाळी आटोपली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या जालना जिल्ह्यातल्या तालुक्यांतून उसतोडीच्या टोळ्या निघतात. मागच्या ट्रॉलीत संसार आणि त्या संसारावर बसलेली लहान पोरं. फडाशेजारच्या कोपीत रात्रीची थंडी असते, पहाटे चुलीचा धूर असतो आणि पोरांची नाकं महिना महिना वाहत राहतात. कान फुटायला एवढं पुरतं.

नाकाच्या मागून मधल्या कानात एक नळी जाते. ती मोठ्यांत लांब आणि उतरती असते. दीड-दोन वर्षांच्या बाळात आखूड आणि जवळपास आडवी. सर्दीने ती सुजली की मधल्या कानात पाणी साचतं आणि त्यात जंतू वाढून पू होतो. इथवर घरोघरी माहीत असतं. फारसं माहीत नसतं ते पुढचं: मधल्या कानाच्या मागच्या भिंतीत एक छोटी वाट असते आणि ती कानामागच्या उंचवट्याच्या हाडात उघडते. या हाडाला मॅस्टॉइड म्हणतात. ते भरीव नसतं, पोळ्यासारखं हवेच्या कप्प्यांनी पोखरलेलं असतं. कानात पू झाला की या कप्प्यांनाही थोडी सूज येतेच, आणि बहुतेक वेळा ती कानाबरोबर उतरते. सुजेने वाट बंद झाली तर मात्र पू आतच कोंडतो, कप्प्यांच्या पातळ भिंती विरघळू लागतात आणि पू हाडाबाहेर, कातडीखाली येतो.

समजा, अशाच एका टोळीत दीड वर्षाचं, 10 किलो वजनाचं बाळ आहे. दोन दिवस सर्दी, मग रात्रभर रडणं, कान ओढणं, ताप. जवळच्या दवाखान्यातून अमॉक्सिसिलिनचं सिरप मिळतं. तिसऱ्या दिवशी कान फुटतो, उशीवर पिवळा डाग दिसतो. पडद्याला भोक पडून दाब गेला, म्हणून ठणका थांबतो, ताप उतरतो, बाळ खेळू लागतं. बाटली कोपीच्या खुंटीला तशीच लटकते. यात आईबापांना दोष देता येत नाही. रडणं थांबलं की औषध थांबवणारे शहरातही कमी नाहीत.

डोसाचंही एक गणित आहे. या आजारात अमॉक्सिसिलिन दिवसाला दर किलोमागे 80 ते 90 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून देतात. म्हणजे या बाळाला एका वेळी साधारण 400 मिलिग्रॅम. सिरप 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचं असेल आणि कुणी ‘सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा’ सांगितलं असेल, तर बाळाला हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी मिळालं. बाटली तीच, नाव तेच, पण जंतू नुसते दबतात. हे गणित घरी करून डोस वाढवायचा नाही. वजन सांगून डॉक्टरांना विचारायचं. आणि पूर्ण औषध घेऊनही काही मुलांत मॅस्टॉइड सुजतं. बऱ्याच मुलांत तर कानाचं दुखणं आधी लक्षातच येत नाही, थेट कानामागची सूज दिसते.

आठ-नऊ दिवसांनी या बाळाला पुन्हा ताप भरतो. ते त्या कुशीवर झोपत नाही. तेल लावताना आजी म्हणते, “पोराचा कान भाईर आल्यावानी दिसतोय.” आजीने पाहिलं तेच या आजाराचं सगळ्यात ओळखीचं लक्षण. बाळाला मांडीवर पाठमोरं बसवून दोन्ही कान एकदम पाहावेत. एक कान डोक्यापासून सुटल्यासारखा पुढे ढकललेला दिसतो, लहान बाळात तो थोडा खालीही झुकतो. कान आणि डोकं यांच्यामधली घडी बुजलेली असते. मागची कातडी लालसर, गरम असते आणि हाडावर हलकं बोट टेकवलं तरी बाळ किंचाळतं. कानातून पू वाहत असेलच असं नाही. वाहता पू अचानक थांबून ताप चढला, तर ती सुधारणा समजू नये.

फसवणारी दोन दुखणी आहेत. डोक्यातल्या उवांमुळे किंवा फोडांमुळे कानामागची गाठ सुजते. ती गोल असते, बोटाखाली हलते आणि कानामागची घडी शाबूत असते. दुसरं म्हणजे कानाच्या बाहेरच्या नळीत झालेला फोड. त्यात कान ओढला किंवा पुढचा टोकाचा भाग दाबला की जास्त दुखतं. खात्री मात्र डॉक्टर कानात दुर्बिणीने पाहूनच करतात: पडदा लाल, फुगलेला आणि नळीची मागची-वरची भिंत खाली लोंबलेली.

आजारी बालकांसाठीच्या सरकारी तक्त्यात याबद्दल गोंधळ नाही. कानामागे दुखरी सूज म्हणजे मॅस्टॉइडायटिस. अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवा. त्यासाठी 108 ची रुग्णवाहिका आहे. कान-नाक-घशाचा तज्ज्ञ आणि सीटी स्कॅन एकाच ठिकाणी हवं म्हणून जालन्याकडची माणसं बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीचा रस्ता धरतात. शेक, लसूण घातलेलं कोमट तेल, लेप लावून ‘पिकू द्या’ म्हणत बसणं, यात हातचा वेळ जातो. कुणी गावठी चिरा दिला तर धोका आणखी वेगळा: दोन वर्षांखालच्या बाळात मॅस्टॉइडचं खालचं टोक अजून वाढलेलं नसतं, त्यामुळे चेहऱ्याची नस कातडीच्या अगदी जवळून जाते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही लहान बाळात कानामागचा छेद म्हणूनच जरा वर आणि मागे घेतात.

रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं, बहुधा सेफ्ट्रायॅक्सोन. भूल देऊन पडद्याला बारीक छेद घेतात, म्हणजे कोंडलेल्या पुवाला वाट मिळते. तो पू तपासणीला जातो आणि कोणतं औषध चालेल ते त्यावरून पक्कं होतं. मग 24 ते 48 तास नजर ठेवायची. ताप उतरला, सूज ओसरू लागली तर बऱ्याच मुलांचं हाडाच्या शस्त्रक्रियेविना भागतं; काही दिवस सलाईनमधून आणि पुढे तोंडाने, असं मिळून औषध दोन-तीन आठवडे चालतं. सूज हाताला मऊ, पाणी भरल्यासारखी लागली तर तिथे गळू झालेलं असतं. ते रिकामं करावं लागतं, आणि गरजेनुसार ड्रिलने हाड उघडून सडलेले कप्पे साफ करतात.

कानामागे छेद देऊन पू काढण्याचं मूळ तंत्र जुनं आहे. डब्लिनच्या विल्यम वाइल्ड यांनी 1853 मध्ये कानामागच्या अशा छेदाचं वर्णन केलं. त्यांचा मुलगा, लेखक ऑस्कर वाइल्ड, 1900 साली पॅरिसमध्ये कानाच्या दुखण्यानंतर मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती.

मॅस्टॉइडच्या पलीकडे पातळ हाडाआड मेंदू आणि एक मोठी शीर असते, म्हणून सीटी स्कॅनचा आग्रह कधी धरायचा ते ठरलेलं आहे. तोंड वाकडं होणं, डोळा तिरळा दिसू लागणं, उलट्या, मान आखडणं, गुंगी, झटका, थंडी वाजून येणारा चढउताराचा ताप, यांतलं काहीही दिसलं तर दोन दिवस वाट पाहत नाहीत.

न्यूमोकोकस हा या आजारामागचा एक प्रमुख जंतू. त्याची लस 2021 पासून देशभर मोफत मिळते: 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने पूर्ण झाल्यावर. लस सगळेच कान वाचवत नाही, कारण जंतू इतरही आहेत. उसतोडीला गेलेल्या घरात नववा महिना फडावर उजाडला तर तिसरा डोस चुकू शकतो. कार्ड सोबत असेल तर तो जिथे असाल तिथल्या आरोग्य केंद्रातही घेता येतो.

घरी सोडल्यावर बाळाच्या कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि पडदा भरून आला का हे पाहायला परत जायचं. पडदा भरला तरी आत पाणी साचून राहू शकतं. हाकेला वळून न पाहणारं, बोलायला उशीर करणारं मूल ‘हट्टी’ ठरतं, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. टोळी तोवर फडावर असेल, तर घरी सोडतानाच डॉक्टरांना तसं सांगून तपासणीची चिठ्ठी तिथल्या जवळच्या रुग्णालयाच्या नावे मागून घ्यायची.