बाथरूमच्या ड्रॉइंगमध्ये न दिसणारा उतार: कॅडमध्ये प्लंबिंग प्लॅन करताना कमोडची जागा कशी ठरते?

फ्लॅटचं नूतनीकरण काढलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'कमोड तिकडं सरकवला तर?' कॅडमध्ये याला दोन सेकंद लागतात. ब्लॉक उचलायचा, दुसऱ्या भिंतीला लावायचा. ड्रॉइंग पहिल्याइतकंच नीटनेटकं दिसतं. पण कमोडमागे ११० मिमीचा ड्रेनेज पाइप असतो, त्याला उतार लागतो आणि वरून बघितलेल्या प्लॅनमध्ये उतार दिसतच नाही. तिथंच गडबड होते.

एक नेहमीचं बाथरूम घेऊ. आतून २४०० मिमी लांब, १५०० मिमी रुंद, म्हणजे साधारण आठ बाय पाच फूट. दार डाव्या आखूड भिंतीत. उजव्या आखूड भिंतीपलीकडे डक्ट आणि त्यात इमारतीचे उभे पाइप. वरच्या लांब भिंतीला दारापासून बेसिन, मग कमोड, आणि डक्टकडच्या टोकाला शॉवर.

आधी वस्तू, मग पाइप

ऑटोकॅडमध्ये `UNITS` देऊन मिलिमीटर निवडायचे आणि खोलीचा खालचा डावा कोपरा 0,0 वर ठेवायचा. थंड पाणी, गरम पाणी, ड्रेनेज आणि फिटिंग यांचे लेयर वेगळे. थंड निळा, गरम लाल, ड्रेनेज तुटक रेषेत, असं ठेवलं तर साइटवर प्रिंट वाचणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही.

कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ४०० मिमी मोकळे ठेवले की बसताना कोपर आपटत नाही. आपल्या खोलीत मध्यरेषा डाव्या भिंतीपासून ११५० मिमीवर येते. कमोड एस-ट्रॅपचा, म्हणजे खाली जमिनीत सोडणारा, आणि त्याचं तोंड तयार भिंतीपासून २२५ मिमीवर आहे असं धरू. हा आकडा मॉडेलनुसार बदलतो. म्हणून आधी कमोड ठरवायचा, मग ड्रॉइंग करायचं. उलट केलं की प्लंबरला टाइल फोडावी लागते. तोंडाचा बिंदू आला 1150,1275. डक्टमधला उभा पाइप त्याच रेषेत, 2550 वर. ड्रेनेजची रेषा अशी:

```
PLINE
1150,1275
@1400,0
```

रेषेची लांबी १४०० मिमी. कमोड सरकवण्याचा निर्णय याच आकड्यावर ठरतो.

खोलीचा हिशेब

फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी खोल्यांपेक्षा खाली असतो, त्याला संकन स्लॅब म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर भराव आणि टाइल येते. इथं तो खोल्यांच्या स्लॅबपेक्षा २५० मिमी खाली आहे. खोल्यांची फरशी स्लॅबच्या वर ५० मिमी आणि बाथरूमची फरशी त्याहून २० मिमी खाली धरली, तर बाथरूमच्या फरशीपासून खड्ड्याच्या तळापर्यंत २८० मिमी मिळतात. त्यातले सुमारे ४० मिमी वॉटरप्रूफिंग आणि त्यावरचा थर खातो. उरले २४०.

आता कमोडखालचा बेंड. त्याचं तोंड फरशीच्या पातळीला ठेवलं तर तोंडापासून पाइपच्या आतल्या तळापर्यंत साधारण १७० मिमी जातात असं धरू. नेमकी उंची कंपनीच्या कॅटलॉगमधून घ्यावी. पाइपाच्या या आतल्या तळालाच इन्व्हर्ट म्हणतात, आणि उतार नेहमी इन्व्हर्टवरून मोजतात.

उतार १:४० धरला तर मीटरमागे २५ मिमी. १४०० मिमीला ३५. म्हणजे कमोडखाली इन्व्हर्ट फरशीपासून १७० खाली आणि डक्टपाशी २०५. पाइपाची जाडी धरून २०८. मर्यादा २४० ची, म्हणजे ३२ मिमी शिल्लक. काम होतं.

आता कमोड दाराजवळ, बेसिनच्या जागी, ४०० वर नेऊन बघा. पाइप २१५० मिमीचा झाला, उतार ५४ मिमी, डक्टपाशी पाइपाचा बाहेरचा तळ २२७ वर. फक्त १३ मिमी उरले. कागदावर बसतंय, पण साइटवर स्लॅब थोडा वर-खाली असला की संपलं.

अनेक इमारतींत खड्डा २०० मिमीचाच असतो. मग मर्यादा १९० वर येते आणि मूळ जागेवरचा कमोडसुद्धा बसत नाही. उतार १:६० इतका कमी केला तरी २३ मिमी लागतात, म्हणजे इन्व्हर्ट १९३ वर. तरीही नाही. अशा वेळी पी-ट्रॅपचा किंवा भिंतीला टांगलेला कमोड डक्टच्याच भिंतीला लावणं हा सरळ मार्ग. त्याचं तोंड मागे, फरशीच्या वर निघतं आणि पाइप भिंतीतून थेट डक्टमध्ये जातो. मग शॉवरची जागा बदलावी लागते, पण खड्ड्यावरचा ताण जातो.

हे सगळं प्लॅनमध्ये दिसत नाही म्हणून त्याच ड्रेनेज रेषेवर उभा छेद काढायचा. फरशीची पातळी 0 धरून इन्व्हर्टची रेषा:

```
LINE
0,-170
@1400,-35
```

खाली -240 वर आडवी रेषा मारली की उरलेली जागा डोळ्यांना दिसते. प्लॅनवरही 'उतार १:४०' एवढंच लिहून थांबू नये. दोन्ही टोकांच्या इन्व्हर्ट पातळ्या लिहाव्यात. प्लंबरला गुणोत्तर नाही, आकडा लागतो. छेद काढताना डक्टकडचा बीम कुठं येतो तेही पाहावं. पाइप त्यातून जाणार असेल तर स्लीव्ह आधी ठेवलेली हवी. नंतर बीम फोडणं हा प्लंबरचा निर्णय नव्हे, तिथं स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावंच लागतं.

शॉवरचं पाणी नहाणी ट्रॅपमध्ये जातं आणि तिथून ७५ मिमीच्या पाइपानं डक्टमधल्या सांडपाण्याच्या पाइपाला. बेसिनचं पाणीही याच ट्रॅपमध्ये सोडतात, म्हणजे ट्रॅपमधलं पाणी आटत नाही आणि वास वर येत नाही. कमोडची लाइन मात्र यात कधीच जोडायची नाही.

पाण्याच्या लाइनी भिंतीत

पुरवठ्याला उतार नको, त्यात दाब असतो. इथं प्लॅनपेक्षा भिंतीचं समोरून काढलेलं चित्र कामाचं. नळासमोर उभं राहिल्यावर गरम डावीकडे, थंड उजवीकडे. भिंतीवरच्या मिक्सरसाठी दोन तोंडांतलं अंतर १५० मिमी. बेसिनचे अँगल कॉक साधारण ५५० मिमी उंचीवर. सीपीव्हीसीचे पाइप फरशीखालून नेण्यापेक्षा भिंतीतून नेलेले बरे. गळती झाली तर एक-दोन टाइल काढून भागतं, अख्खी फरशी उखडावी लागत नाही. आडवी लाइन ठरावीक उंचीवर ठेवून ती ड्रॉइंगवर लिहिली, तर पुढे टॉवेल रॉडसाठी भोक पाडणारा वाचतो.

भराव टाकण्याआधी

साइटवर उतार तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एक मीटरची लेव्हल पट्टी पाइपावर ठेवायची आणि तिच्या उताराकडच्या टोकाखाली २५ मिमीचा ठोकळा सरकवायचा. बुडबुडा मध्ये आला तर उतार १:४० आहे. ठोकळ्यासकट उताराकडचं टोक वर उचललं गेलं तर उतार कमी पडतोय. मध्येच पाइप खाली झोळला असेल तर तिथं पाणी आणि मैला साठतो. राहायला गेल्यावर हे कळतं ते फ्लश केल्यावर पाणी आधी वर चढून सावकाश उतरण्यावरून, आणि वारंवार तुंबण्यावरून. पण तोवर त्याच्यावर भराव, सिमेंट आणि टाइल बसलेली असते.