एका अक्षराचा प्रश्न : कंपनीच्या बदलीवर अमेरिकेस जाणाऱ्यांसाठी

वडोदरा, हैदराबाद, इंदूर यांसारख्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील अनेक तरुण आज अशा कंपन्यांत नोकरी करतात, की ज्यांची एक शाखा भारतात आणि दुसरी अमेरिकेत असते. एके दिवशी चिरंजीव किंवा सूनबाई घरी येऊन सांगतात, "कंपनी तिकडच्या शाखेत पाठवते आहे." घरात आनंद होतो आणि नातेवाइकांना कळविले जाते. पण ज्या व्हिसावर ही बदली होते त्याच्या नावाशेवटी असलेल्या 'ए' किंवा 'बी' या एका अक्षराकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. त्या कुटुंबाने अमेरिकेत किती वर्षे राहावयाचे आणि पुढे तेथे कायम राहण्याची वाट खुली असणार की नाही, हे बव्हंशी या अक्षरावर ठरते. ब्रिटन, कॅनडा इत्यादी देशांचे बदलीविषयक नियम निराळे आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही केवळ अमेरिकेच्या 'एल-१' या व्हिसाचा विचार करीत आहोत.

हा व्हिसा अमेरिकेने १९७० साली सुरू केला. जगभर शाखा असलेल्या कंपन्यांना आपली अनुभवी माणसे एका देशातून दुसऱ्या देशात हलविता यावीत, हा त्यामागील हेतू. त्यामुळे मूळ अर्ज माणसाने करावयाचा नसून कंपनीने करावयाचा असतो. भारतातील आणि अमेरिकेतील संस्था या एकाच मालकीच्या आहेत, म्हणजे एक दुसरीची शाखा किंवा उपकंपनी आहे, अथवा दोन्ही एकाच मूळ कंपनीच्या आहेत, हे कंपनीला दाखवावे लागते. नुसता व्यापारी करार किंवा ग्राहकाचे नाते पुरत नाही. याचाच दुसरा अर्थ असा, की हा व्हिसा घेऊन गेलेल्यास अमेरिकेत दुसऱ्या एखाद्या कंपनीची नोकरी तशीच धरता येत नाही. नोकरी सुटली तर फार तर ६० दिवसांची मुदत मिळते. मुक्कामाची मुदत त्याआधीच संपत असेल तर तेवढीही नाही. त्या अवधीत दुसरा कायदेशीर मार्ग काढावा, नाही तर सहकुटुंब परतावे, असा हा हिशेब आहे.

आता अक्षरांकडे वळू. 'एल-१ए' हा व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठी, तर 'एल-१बी' हा विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी असतो. येथे पहिली गफलत होते ती हुद्द्याच्या नावामुळे. आपल्याकडे पाच-सहा वर्षे नोकरी झाली की कार्डावर 'मॅनेजर' हा शब्द येतो. पण अमेरिकन अधिकारी कार्ड पाहत नाहीत, काम पाहतात. या माणसाच्या हाताखाली कोण आहेत? ते स्वतः पदवीधर व्यावसायिक किंवा इतरांवर देखरेख करणारे आहेत, की केवळ यंत्र चालविणारे? त्यांना नेमण्याचा, बढती देण्याचा, काढण्याचा अधिकार याला आहे काय? दिवसातील बहुतेक वेळ तो दुसऱ्यांकडून काम करवून घेण्यात घालवितो, की स्वतःच काम करण्यात? हाताखाली माणसे नसतानाही, कंपनीचे एखादे अत्यावश्यक कार्य जो उच्च पातळीवरून चालवितो त्यास व्यवस्थापक मानता येते. परंतु ते सिद्ध करणे अधिक कठीण असते. स्वतः आज्ञावली लिहिणारा आणि सोबतच्या चौघांना कामे वाटून देणारा संघप्रमुख या कसोटीला पुष्कळदा उतरत नाही.

'बी'ची कसोटी निराळी आहे. तेथे सर्वसाधारण हुशारी किंवा उत्तम पदवी यांना महत्त्व नाही. कंपनीचे स्वतःचे उत्पादन, स्वतःची कार्यपद्धती, स्वतःची यंत्रणा यांचे असे ज्ञान हवे, की जे त्या धंद्यातील इतरांपाशी सहसा नसते किंवा कंपनीतीलच इतरांपेक्षा पुष्कळ पुढचे असते. बाजारात सर्वत्र वापरली जाणारी संगणकप्रणाली येणे हे विशेष ज्ञान नव्हे. पण कंपनीने स्वतः घडविलेल्या प्रणालीच्या रचनेत ज्याने वर्षे घालविली, त्याचा दावा बळकट ठरतो. कर्मचाऱ्यास अमेरिकेतील ग्राहकाच्या कचेरीत बसवून ग्राहकाच्याच देखरेखीखाली राबवावयाचे असेल, तर २००४ सालच्या कायद्याने 'बी' या प्रकारास ते मना केले आहे.

या दोन्ही प्रकारांना एक अट समान आहे. अमेरिकेत येण्यापूर्वीच्या तीन वर्षांत एक सलग वर्ष तरी त्या कंपनीच्या परदेशी शाखेत पूर्णवेळ काम झालेले असावे. हे वर्ष कसे मोजतात, हे समजण्यासाठी आपण वडोदऱ्यातील एक अभियंता कल्पू. तो १ जानेवारी २०२१ रोजी कंपनीत लागला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन महिने त्यास बैठकांसाठी अमेरिकेस जावे लागले. ३१ डिसेंबरला घरच्या दिनदर्शिकेप्रमाणे त्याचे वर्ष भरले. परंतु कायद्याच्या हिशेबात दहाच महिने भरले. अमेरिकेत घालविलेल्या दिवसांनी वर्षाची सलगता मोडत नाही, मात्र ते दिवस त्यात धरलेही जात नाहीत. म्हणून त्याची पात्रता मार्च २०२२च्या आरंभी पुरी झाली. कंपनीने घाई करून जानेवारीत अर्ज केला असता, तर तो या एकाच कारणाने नामंजूर होऊ शकला असता.

आमचा हा कल्पित अभियंता १ जून २०२२ रोजी 'बी'वर अमेरिकेत उतरला. विमानतळावर त्यास ३१ मे २०२५पर्यंतची मुदत मिळाली. ही मुदत 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते आणि तीच खरी. पासपोर्टावरील व्हिसाच्या शिक्क्यावर याहून पुढची तारीख असू शकते. पण शिक्का हा केवळ दारातून आत येण्याचा परवाना आहे, आत किती दिवस राहावयाचे ते 'आय-९४' सांगते. शिक्क्यावर विसंबून मुदत उलटू देणे ही वारंवार घडणारी चूक आहे. म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर ही नोंद संगणकावरून उतरवून घेऊन तारीख पाहावी.

पहिल्या तीन वर्षांनंतर त्यास आणखी दोन वर्षे मिळाली. 'बी'ची कमाल मर्यादा पाच वर्षांची. त्याच्या बाबतीत ती ३१ मे २०२७ रोजी संपते. 'ए'वर गेलेल्यास तीन, दोन आणि दोन अशी एकूण सात वर्षे मिळतात. मधल्या काळात जे दिवस भारतात गेले ते मर्यादेत मोजले जात नाहीत. बहिणीच्या लग्नाला आणि वडिलांच्या आजारपणात मिळून त्याचे ९० दिवस येथे गेले असतील, तर तेवढे दिवस तो परत मागू शकतो. मात्र पासपोर्टावरील शिक्के आणि विमानाची तिकिटे जपून ठेवलेली हवीत. मर्यादा पुरी संपल्यावर एक वर्ष अमेरिकेबाहेर काढल्यावाचून हा व्हिसा पुन्हा मिळत नाही.

येथे एक प्रश्न स्वाभाविकच उद्भवतो : तिकडे गेल्यावर बढती मिळून तो खरोखरीचा व्यवस्थापक झाला तर? तर त्यास सात वर्षे मिळू शकतात. पण दोन अटींवर. बढती झाली त्याच वेळी कंपनीने सुधारित अर्ज करून बदल मंजूर करून घेतला पाहिजे, आणि व्यवस्थापकाच्या कामावर त्याचे किमान सहा महिने झाले पाहिजेत. मर्यादा ३१ मे २०२७ला संपत असेल, तर नोव्हेंबर २०२६ संपण्यापूर्वीच हा बदल कागदावर आलेला हवा. पुष्कळ कंपन्या बढतीचे पत्र देतात आणि अर्जाचे काम पुढील मुदतवाढीवर ढकलतात. शेवटच्या दोन महिन्यांत धावपळ करून काही साधत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती कायम वास्तव्याची, म्हणजे ग्रीन कार्डाची. बहुराष्ट्रीय कंपनीच्या व्यवस्थापकांसाठी एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यात अमेरिकन उमेदवार मिळत नाही हे सिद्ध करण्याची खटपट करावी लागत नाही, आणि भारतीयांची रांग तेथेही असली तरी इतर वर्गांहून आखूड आहे. मात्र या वर्गाची अट अशी, की बदलीपूर्वीचे ते एक वर्ष भारतातही व्यवस्थापकाच्याच कामावर गेलेले असले पाहिजे. आमचा अभियंता भारतात तज्ज्ञ होता आणि अमेरिकेत जाऊन व्यवस्थापक झाला. त्यास सात वर्षे मिळतील, पण हे दार उघडणार नाही. त्याला सामान्य रांगेत उभे राहावे लागेल, आणि त्या रांगेत भारतात जन्मलेल्यांना दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. त्यातही 'एच-१बी' या दुसऱ्या व्हिसावर असलेल्यास रांगेत असताना ठरावीक मर्यादेपलीकडे मुदत वाढवून मिळू शकते. 'एल-१'ला ती सवलत नाही. म्हणूनच अनेकजण मध्येच 'एच-१बी'च्या सोडतीत नाव घालतात, आणि सोडत म्हणजे सोडतच.

यास्तव जो माणूस भारतातच खऱ्या अर्थाने व्यवस्थापन करीत आहे, त्याच्यासाठी कंपनी सोयीखातर 'बी'चा अर्ज करीत असेल, तर निघण्यापूर्वीच विचारणा करणे युक्त होय. उलटपक्षी, जो व्यवस्थापक नाही त्याने हुद्दा फुगवून 'ए' मागणे धोक्याचे. अर्जात लिहिलेले काम आणि मुलाखतीत सांगितलेले काम यांत मेळ नसेल, तर तो विसंवाद त्याच्या नोंदीत राहतो आणि पुढील प्रत्येक अर्जात त्याचे उत्तर द्यावे लागते.

राहता राहिला कुटुंबाचा प्रश्न. पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले 'एल-२'वर सोबत जातात. आईवडिलांना या व्हिसावर नेता येत नाही. त्यांनी पाहुणे म्हणूनच जावयाचे. नोव्हेंबर २०२१पासून जोडीदारास काम करण्यासाठी निराळे परवानापत्र काढावे लागत नाही. 'आय-९४'वर 'एल-२एस' अशी नोंद असली की पुरते. ती नोंद चुकली असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यावी. मुलांना शिकता येते, नोकरी करता येत नाही. आणि ग्रीन कार्ड हाती येण्यापूर्वी मुलगा २१ वर्षांचा झाला, तर त्यास सहसा स्वतःचा निराळा व्हिसा शोधावा लागतो. बारा वर्षांच्या मुलास घेऊन 'बी'वर जाणाऱ्या आईवडिलांनी हा हिशेब विमानात बसण्यापूर्वीच मांडलेला बरा, कारण सामान्य रांगेची लांबी आणि त्या मुलाची शिल्लक राहिलेली नऊ वर्षे यांचा मेळ क्वचितच बसतो.