छायाचित्रातील त्वचावर्णाची दुरुस्ती : रंगछटा, संपृक्तता व दीप्ती यांचा उपयोग

स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रात चेहरे तांबूस दिसतात म्हणून ते सुधारावेत, तर शेजारची पिवळी साडी हिरवट होते. हा दोष हाताचा नसून साधनाच्या स्वरूपातला आहे. रंगछटा, संपृक्तता व दीप्ती यांचे स्लायडर वस्तू ओळखत नाहीत. ते केवळ रंगछटा ओळखतात. प्रस्तुत लेखात फोटोशॉपमधील Hue/Saturation या समायोजन-स्तराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

रंगछटा ही 0 ते 360 अंशांच्या वर्तुळावर मोजली जाते. लाल, हिरवा व निळा यांची मूल्ये 200, 140, 100 असलेली उजळ त्वचा 24 अंशांवर येते आणि 120, 80, 55 मूल्यांची सावळी त्वचा 23 अंशांवर. म्हणजे गोरेसावळेपणाचा भेद मुख्यतः दीप्तीचा असतो, रंगछटेचा फारसा नाही. म्हणूनच एकाच पट्ट्यात समूहातील बहुतेक चेहरे सापडतात.

समजा, तांबूस गाल 11 अंशांवर, उर्वरित त्वचा 24 वर, केशरी फेटा 30 वर व पिवळी साडी 47 वर आहे. सूचीतून Reds निवडून ड्रॉपरने त्वचेवर टिचकी दिल्यास 9 ते 39 अंशांवर पूर्ण परिणाम होतो आणि पुढे 69 अंशांपर्यंत तो विरत जातो. साहजिकच साडीही त्यात येते. नेमके काय निवडले गेले हे पाहण्यासाठी Hue तात्पुरता +180 वर न्यावा. त्वचा निळी पडते. तिच्यासोबत जे जे निळसर होईल ते निवडीत आहे. आता खालच्या रंगपट्टीवरील खुणा सरकवून पूर्ण परिणाम 5 ते 27 अंशांपुरता व विरळ परिणाम 40 अंशांपर्यंत मर्यादित करावा. साडी मूळ रंगावर परतते. मग Hue शून्यावर आणून +4 किंवा +5 द्यावा व Saturation किंचित कमी करावे. तांबूसपणा निवळतो.

फेटा मात्र सुटत नाही; त्वचेपासून तो अवघ्या सहा अंशांवर आहे. येथे पट्टा आणखी आवळण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. चेहऱ्याच्याच उजेड-सावलीत रंगछटा काही अंशांनी बदलते, त्यामुळे विरत जाणारा भाग काढून टाकल्यास गालावर चट्टे उमटतात. 100 टक्के आकारात पाहिल्यास हनुवटीच्या कडेला ते प्रथम दिसतात. अशा वेळी त्या स्तराच्या मास्कवर मऊ काळ्या ब्रशने फेटा झाकणे हाच मार्ग उरतो.

दीप्तीबाबत एक सावधगिरी हवी. याच चौकटीतील Lightness वाढवल्यास रंगात पांढरा मिसळतो व त्वचा पिठाळ दिसते. त्यापेक्षा छायाचित्राच्या प्रतिस्तरावर Camera Raw मधील Oranges ची Luminance थोडी वाढवावी आणि त्या स्तरालाही तोच मास्क द्यावा. अन्यथा फेटाही उजळतो.