उतार आधी, शीट नंतर

गच्ची गळू लागली की बहुतेक सोसायट्यांमध्ये पहिला प्रश्न येतो तो कोणतं केमिकल मारायचं हा. खरं तर त्याआधी विचारायला हवं की पाऊस थांबल्यावर गच्चीवरचं पाणी किती वेळात निघून जातं. सपाट काँक्रीटचा स्लॅब पूर्ण जलरोधक नसतो. त्यात बारीक छिद्रं असतात, तापण्या-थंड होण्याने चिरा पडतात आणि वर साचून राहिलेलं पाणी सावकाश त्यांत उतरतं. म्हणून स्लॅबवरच्या पहिल्या थराचं काम पाणी अडवण्याचं नाही, ते हलवण्याचं आहे.

हा थर म्हणजे उताराचा कोबा. आपल्याकडे तो बहुधा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल वापरून करतात. उतार किमान शंभरास एक हवा, म्हणजे दहा फुटांमागे साधारण सव्वा इंच. समजा गच्ची 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद आहे आणि पाणी जायला एका कोपऱ्यात एकच आउटलेट आहे. समोरचा कोपरा तिथून 36 फुटांवर पडतो, म्हणजे तो सव्वाचार इंचांहून थोडा अधिक उंच ठेवावा लागेल. आउटलेटपाशी कोबा दोन इंच धरला, तर त्या कोपऱ्यात तो सव्वासहा इंच होतो. आता एकाऐवजी दोन आउटलेट घ्या, दोन्ही आखूड बाजूंच्या मधोमध. सर्वांत लांबची जागा 18 फुटांवर येते आणि चढ निम्मा होतो. फरक फक्त मालाचा नाही. 600 चौरस फुटांवर एक इंच कोबा म्हणजे सुमारे अडीच टन वजन, आणि ते कायम स्लॅबवर बसतं. जुना कोबा न काढता त्यावर नवा घालणं धोक्याचं ठरतं ते यामुळेच.

कोबा संपतो तिथे, पॅरापेटच्या पायाशी, काटकोन ठेवत नाहीत. सिमेंटच्या मालाने गोलाई देतात. मिस्त्री तिला वाटा म्हणतात. पुढे येणारी शीट काटकोनात दुमडली तर तिथेच तडकते.

कोब्याला किमान आठवडाभर पाणी मारायचं आणि मग तो नीट वाळू द्यायचा. घाई नडते ती इथेच. ओल आत राहिली तर वर शीट बसल्यावर उन्हाने तिची वाफ होते आणि शीटला फुगे येतात. तपासणी सोपी आहे: प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर लावून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या खालच्या बाजूला थेंब दिसले, तर थांबावं.

मग डांबरी प्रायमर आणि त्यावर तीन किंवा चार मिलिमीटर जाडीची डांबरी शीट. गॅसच्या बर्नरने तिची खालची बाजू वितळवत ती चिकटवतात. सुरुवात आउटलेटच्या, म्हणजे सखल बाजूने होते आणि वरची पट्टी खालचीवर किमान चार इंच चढते, कौलं घालतात तशीच. जोडातून वितळलेल्या डांबराची बारीक कड सलग बाहेर आली असेल, तर जोड बसला आहे. शीट पॅरापेटवर तयार पृष्ठभागाच्या वर किमान सहा इंच चढवून भिंतीतल्या खाचेत बंद करतात आणि आउटलेटमध्ये पाइपाच्या आत उतरवतात. गळती बहुधा मधल्या सलग भागातून होत नाही, या कडांतून होते. आपल्या गच्चीला एक मीटर रुंद, दहा मीटर लांब असे साधारण आठ रोल लागतील. नुसत्या क्षेत्रफळाचा हिशोब सहाच रोल सांगतो. वरचे दोन जोडांत आणि भिंतीवर जातात. अंदाजपत्रकात सहाच दिसले, तर कंत्राटदाराला हे विचारावं.

वरचा थर घालण्याआधी आउटलेट बंद करून, सर्वांत उंच जागीही इंचभर पाणी राहील इतकं भरून ते 48 तास ठेवतात. खालच्या छतावर ओल उमटली तर जागा शोधता येते, कारण शीट अजून उघडी आहे.

चाचणी पार पडली की शीटवर जिओटेक्स्टाइलचं कापड आणि त्यावर दीड-दोन इंच सिमेंटचा थर, आठ-दहा फुटांचे चौकोन पाडून. त्यावर हवं तर चायना मोझॅक. ऊन आणि पावलं शीटपर्यंत पोचू न देणं हे या थराचं काम. पाणी मात्र तो पूर्ण अडवत नाही. म्हणून सोलर हीटरच्या किंवा डिशच्या स्टँडसाठी गच्चीला ड्रिल मारलं की खालची शीट फुटते आणि आत शिरलेलं पाणी थराखालून उताराने वाहत जाऊन भलत्याच खोलीत उमटतं. स्टँड काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर उभा करून त्यांनाच बोल्ट लावले, की गच्चीला भोक पाडावंच लागत नाही.